पाळी गेल्यानंतरची हाडं: नाचणी-तिळातून कॅल्शियम किती मिळतं, आणि व्हिटॅमिन डी कुठून आणायचं

पाळी गेली की हाडांसाठी काय खायचं, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं: नाचणी खा, तीळ खा, सकाळचं कोवळं ऊन घ्या. यातला पहिला सल्ला चांगला आहे, दुसरा अर्धा बरोबर आहे आणि तिसऱ्याचा हाडांना जवळजवळ काहीच उपयोग नाही. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. दूध पचत नाही किंवा दूध सोडलं आहे अशा बायकांचा आहार आखताना मी जो क्रम पाळते, तोच इथे देते आहे. दूध घेणाऱ्यांनाही तो चालेल. त्यांनी २०० मिलिलिटर दुधाचे साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम आपल्या बेरजेत धरावं.

आधी हाडांत काय घडतं ते थोडक्यात पाहू. आपलं हाड सतत थोडं झिजतं आणि थोडं नव्याने भरलं जातं. हाड झिजवणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा अंकुश असतो. पाळी जाताना इस्ट्रोजेन घसरतं, अंकुश सुटतो आणि झीज भरण्याच्या पुढे जाते. त्याच सुमारास आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाण्याचं प्रमाणही कमी होतं. शेवटच्या पाळीच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरची दोन वर्षं सगळ्यात वेगाची असतात. त्या काळात मणक्यातली घनता वर्षाला साधारण दोन टक्क्यांनी उतरते. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, म्हणजे हे सगळं पन्नाशीच्या आधीच सुरू झालेलं असतं.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. ही झीज कॅल्शियम कमी पडल्यामुळे सुरू होत नाही, त्यामुळे कॅल्शियम वाढवून ती थांबतही नाही. मात्र कॅल्शियम आणि डी कमी असतील तर रक्तातली पातळी राखण्यासाठी शरीर हाडातूनच आणखी उचल करतं. आहाराने थांबवता येते ती ही वरची उचल.

पहिली पायरी: आज ताटात किती आहे ते मोजा

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. बहुतेक जणींना आपण याच्या किती खाली आहोत याचा अंदाज नसतो.

एक उदाहरण घेऊ. साताऱ्यात राहणारी ५४ वर्षांची बाई. पाळी जाऊन पाच वर्षं झाली, दूध पचत नाही म्हणून चहासुद्धा कोरा. तिचा नेहमीचा दिवस असा: तीन पोळ्या (साधारण २७ मिलिग्रॅम), वाटीभर भात (५), तुरीचं वरण (२०), वांग्या-बटाट्याची भाजी (४०), हरभऱ्याची उसळ (४५), शेंगदाण्याचं कूट (८), आणि कोथिंबीर, मसाले, बाकी किरकोळ मिळून ४०. बेरीज जेमतेम १८५. पोटभर घरचं जेवण जेवूनही ही बाई गरजेच्या सहाव्या हिश्शावर आहे. पोळी, भात, तूरडाळ, बटाटा यांत कॅल्शियम फारसं नसतंच, त्यामुळे हेच पदार्थ जास्त खाऊन आकडा हलत नाही.

तुम्हीही तीन दिवस असंच लिहून काढा. धान्य आणि डाळी कच्च्या मापाने धरा, कारण तक्त्यातले आकडे कच्च्या जिनसांचे असतात.

दुसरी पायरी: तक्त्यातला आकडा आणि अंगी लागणारा आकडा वेगळे धरा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात कढीपत्त्यात १०० ग्रॅमला साडेसहाशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम दिसतं आणि मग कढीपत्त्याची पावडर खाण्याचे संदेश फिरतात. पण फोडणीतला कढीपत्ता पाच ग्रॅमही नसतो, म्हणजे मिळाले तीसेक मिलिग्रॅम. प्रत्येक जिनसाचं कॅल्शियम तुम्ही जेवढं खाता तेवढ्याच वजनावर मोजा.

त्याहून मोठा फसवा भाग म्हणजे ऑक्झलेट. काही पालेभाज्यांत ऑक्झलिक आम्ल भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला असं बांधून ठेवतं की आतड्याला ते सोडवता येत नाही. पालक हे त्याचं ठळक उदाहरण. पालकातलं साधारण पाच टक्केच कॅल्शियम शोषलं जातं, तर दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास. राजगिऱ्याचा पाला आणि माठ तर तक्त्यात ३३० च्या घरात दिसतात, पण ऑक्झलेटमध्ये ते पालकाच्याच पंगतीत बसतात. अळूचं काय होतं ते आपला घसाच सांगतो. नीट न शिजलेलं, चिंच कमी पडलेलं अळू खाल्ल्यावर जी खाज सुटते, ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची असते. चिंच-कोकमाने खाज जाते, पण त्यातलं बांधलेलं कॅल्शियम म्हणून उपलब्ध होत नाही. पालक, माठ, अळू जरूर खा, त्यांत इतर चांगलं पुष्कळ आहे. फक्त कॅल्शियमच्या बेरजेत त्यांना शून्य धरा.

बेरजेत धरण्यासारखा पाला म्हणजे मेथी (१०० ग्रॅमला सुमारे २७०), मुळ्याचा पाला (सुमारे २३०) आणि शेवग्याचा पाला (सुमारे ३१०). मेथीची एक चांगली जुडी निवडल्यावर शंभर-सव्वाशे ग्रॅम पाला निघतो आणि तो एका माणसाला एका दिवसात सहज खाता येतो. चौघांच्या घरात मात्र त्याच जुडीची भाजी वाटली जाते आणि बाईच्या वाट्याला दोन घास येतात. म्हणून मी नेहमी विचारते, "भाजी केली ते कळलं, तुमच्या ताटात किती आली?"

तिसरी पायरी: नाचणी, कुळीथ, तीळ नीट वापरा

नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आपल्या कुठल्याही रोजच्या धान्यात एवढं नाही. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे १८०. पण नाचणीचं बरंचसं कॅल्शियम दाण्याच्या सालीकडच्या भागात असतं. पीठ वस्त्रगाळ केलं, किंवा नाचणी भिजवून वाटून फडक्यातून गाळून सत्त्व काढलं, तर जे चोथा म्हणून टाकतो त्यात ते कॅल्शियम जातं. बाळासाठी सत्त्व ठीक आहे. पन्नाशीच्या बाईने अख्ख्या नाचणीचं, न चाळलेलं पीठ खावं.

त्याच सालीत फायटेट आणि टॅनिन असतात, तेही शोषणात अडथळा आणतात. त्यावर उपाय आपल्या घरात आधीपासून आहेत. नाचणी धुऊन दहा-बारा तास भिजवा, पाणी टाकून फडक्यात बांधा. एखाद्या दिवसात पांढरे बारीक मोड दिसले की पसरून वाळवा, मंद आचेवर हलकी भाजा आणि दळून आणा. मोड लांब वाढू देऊ नका, पिठाला कडसर चव येते. एवढा वेळ नसेल तर साधं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवा आणि सकाळी त्या आंबलेल्या पिठाची आंबील किंवा घावन करा. दोन्ही प्रकारांत फायटेट कमी होतं. पुरतं जात नाही, पण फरक पडतो.

कुळीथ मला नाचणीइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि कोकण सोडलं तर त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. १०० ग्रॅमला सुमारे २७० मिलिग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅमच्या पिठल्यात किंवा उसळीत ८०. तूरडाळीच्या जवळजवळ चौपट. कडधान्य भिजवून, भिजवलेलं पाणी टाकून, मोड आणून शिजवा.

तिळाबाबत खरेदी करतानाच चूक होते. न सोललेल्या तिळात १०० ग्रॅमला हजाराच्या वर कॅल्शियम आहे, पण ते प्रामुख्याने सालीत. बाजारातले पांढरेशुभ्र, गुळगुळीत पॉलिशचे तीळ साल काढलेले असतात आणि त्यांत न सोललेल्यांच्या दहाव्या हिश्शाएवढंही कॅल्शियम उरलेलं नसू शकतं. काळे किंवा मळकट रंगाचे गावठी तीळ घ्या. ते भाजून कुटा, कारण अख्खा तीळ न चावता गिळला तर बराचसा तसाच बाहेर पडतो. सालीतल्या कॅल्शियमचा काही भाग ऑक्झलेटने बांधलेला असतो, म्हणून मोठा चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम तिळाचे १२० मिलिग्रॅम कागदावर लिहा, पण भिस्त त्यावर ठेवू नका.

आता साताऱ्याच्या त्याच बाईचा दिवस बदलू. एका वेळेला पोळीऐवजी नाचणीची भाकरी (१८०), दुसऱ्या वेळेला दोन पोळ्या (२०), वरण (२०), कुळथाचं पिठलं (८०), तिच्या स्वतःच्या ताटात १०० ग्रॅम मेथीची किंवा मुळ्याच्या पाल्याची भाजी (२५०), तिळाची चटणी (१२०), बाकी किरकोळ ९०. बेरीज ७६०. चौपट झाली. तरीही ४४० कमी आहेत, आणि हा तिचा सगळं जमून आलेला दिवस आहे. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाची येते, प्रवास असतो, लग्नकार्य असतं. असा दिवस आठवड्यातून चार वेळा जमला तरी मी समाधान मानते.

उरलेली तूट भरायला वनस्पतींतलेच दोन पदार्थ कामाचे आहेत. एक, कॅल्शियम घातलेलं सोया दूध. पाकिटावर १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास आकडा असेल तरच ते दुधाची जागा घेतं. घरी केलेल्या सोया किंवा बदामाच्या दुधात एवढं कॅल्शियम नसतं. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून खोका दर वेळी जोरात हलवा. दुसरा पदार्थ टोफू. तो कशाने फाडला आहे ते घटकांच्या यादीत बघा. कॅल्शियम सल्फेट किंवा आयएनएस ५१६ लिहिलेलं असेल तर तो कॅल्शियमसाठी घ्यावा, आणि त्यातलं कॅल्शियम दुधाइतकंच शोषलं जातं. फक्त मॅग्नेशियम क्लोराइड, म्हणजे आयएनएस ५११ असेल, तर प्रथिनांसाठी खा.

पानाचा चुना गव्हाच्या दाण्याएवढा रोज खा, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पाळू नका. चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजू शकते, आणि बाजारातल्या चुन्यात शिसं किती आहे याची कोणी खात्री देत नाही.

चौथी पायरी: व्हिटॅमिन डी ताटातून येणार नाही, हे धरूनच चाला

कॅल्शियममध्ये स्वयंपाकघर निम्म्याहून जास्त काम करतं. डीच्या बाबतीत ते जवळजवळ हात टेकतं. धान्य, डाळी, भाज्या, फळं, सुकामेवा यांत व्हिटॅमिन डी नगण्य असतं. प्रौढांना दिवसाला ६०० युनिट हवेत आणि साठीनंतर ८००.

अपवाद अळंबीचा. मशरूममध्ये एर्गोस्टेरॉल असतं आणि त्यावर अतिनील किरण पडले की त्याचं डी-२ होतं. बाजारातली बटण मशरूम अंधारात वाढवलेली असतात, त्यामुळे पाकिटातून काढून थेट कढईत टाकली तर काही मिळत नाही. १०० ग्रॅम मशरूमचे पातळ काप करा, ताटात एका थरात पसरा आणि भर दुपारी अर्धा ते एक तास थेट उन्हात ठेवा. वर काच किंवा प्लास्टिक नको. अशा मशरूममध्ये ४०० युनिट किंवा त्याहून जास्त डी-२ तयार होऊ शकतं. पण घरी ते मोजता येत नाही, ढग आले की गणित बिघडतं, आणि डी-२ हे डी-३ इतकं रक्तातली पातळी टिकवत नाही. जोड म्हणून उत्तम, आधार म्हणून नाही.

‘+एफ’ची निळी खूण असलेल्या तेलात डी घातलेलं असतं, एका ग्रॅमला साधारण साडेचार ते साडेसहा युनिट. चार चमचे, म्हणजे २० ग्रॅम तेलातून शंभरेक युनिट झाले. पोषण घातलेल्या दुधाच्या एका पेल्यातून पन्नास ते पंचाहत्तर. दोन्ही मिळूनही गरजेचा चौथाई भाग. तेल वाढवून डी वाढवायचा विचार अर्थातच करू नये.

आता ऊन. डी तयार करणारे किरण सूर्य पुरेसा वर असेल तेव्हाच जमिनीपर्यंत नीट पोचतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: उन्हात उभं राहा, तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असली पाहिजे. नागपुरात मे महिन्यात सकाळी नऊच्या सुमारासच तशी होते, त्यामुळे भाजून काढणाऱ्या दुपारी बाहेर जायची गरज नाही. मुंबईत डिसेंबरात मात्र ती दुपारी साडेबाराच्या आगेमागे जेमतेम दोन तास तशी असते. सात वाजताच्या कोवळ्या उन्हात सावली लांबलचक असते, म्हणूनच त्या उन्हाने डी मिळत नाही. बंद खिडकीच्या काचेतूनही नाही.

आठवड्यातून चार-पाच दिवस, हात, पाय, मान उघडी ठेवून वीस-तीस मिनिटं हा आपल्या सावळ्या त्वचेसाठी वाजवी अंदाज. त्वचा जळजळू लागण्याआधी सावलीत या. पण वयानुसार त्वचेची डी बनवण्याची ताकद घटते. सत्तरीत ती विशीच्या निम्म्याखाली गेलेली असते. शिवाय जून ते सप्टेंबर कोकणात ऊन दिसत नाही, आणि शहरातल्या इमारतीत सगळ्यांच्या नजरेसमोर दुपारी गच्चीत बसायला कितीजणींना जमतं? लंडन किंवा टोरांटोत राहणाऱ्यांना तर ऑक्टोबर ते मार्च हा मार्गच बंद. ब्रिटनचं सरकारही सावळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर रोज ४०० युनिटची गोळी घ्यावी असं सुचवतं.

पाचवी पायरी: तपासणी, मग गोळी

रक्तात २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासा. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमखाली असेल तर कमतरता. सोबत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि क्रिएटिनिन बघितलेलं बरं. सगळं अंग दुखतं, जमिनीवरून किंवा कमोडवरून उठताना मांड्यांत जोर राहत नाही आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं आहे, असं असेल तर हाड नुसतं विरळ नाही, डीअभावी मऊ झालेलं असू शकतं. ते ओळखून भरून काढलं तर बाई काही आठवड्यांत चालायला लागते.

आपल्याकडे डॉक्टर सहसा ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. पुढे महिन्यातून एकदा किंवा रोजची लहान मात्रा. घोळ होतो तो इथे. कोणी ती रोज घेतं, कोणी साप्ताहिक मात्रा वर्षभर चालू ठेवतं. डी शरीरात साठतं आणि अति झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. अशी लक्षणं दिसली तर गोळी बंद करून लगेच रक्त तपासा. कधी थांबायचं ती तारीख पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. डी-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात आणि कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं. हे चालत नसेल तर लायकेनपासून केलेलं डी-३ मिळतं, तसं स्पष्ट मागा.

कॅल्शियमची गोळी पूर्ण १२०० ची नको, आहारातली तूट भरण्यापुरतीच. आपल्या उदाहरणातल्या बाईला चांगल्या दिवशी ४४० कमी पडतात, म्हणजे ५०० ची एक गोळी पुरे. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आतलं खरं कॅल्शियम ५००, हे पाकिटावर नीट वाचा. कार्बोनेट जेवणासोबत घ्या. आम्लपित्ताच्या गोळ्या रोज चालू असतील तर सायट्रेट बरं, ते रिकाम्या पोटीही शोषलं जातं. थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर ठेवा, लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. सकाळी सगळ्या गोळ्या एकत्र घेऊन टाकायची सवय असेल तर थायरॉइडची गोळी वाया जाते आणि टीएसएच का चढलं ते कळत नाही. मूतखड्याचा त्रास झालेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अमेरिकेत ३६,००० हून अधिक बायकांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅल्शियम-डी घेणाऱ्यांत मूतखडे १७ टक्क्यांनी जास्त आढळले, आणि खुब्याचे अस्थिभंग मात्र स्पष्टपणे कमी झाले नाहीत. याउलट १९९२ च्या फ्रान्समधल्या चाचणीत वृद्धाश्रमांत राहणाऱ्या, कॅल्शियम-डीची कमतरता असलेल्या वयस्क बायकांत ते ठळकपणे कमी झाले. कमतरता भरली की फायदा होतो. पुरेसं असताना वर आणखी ओतून होत नाही.

जिथे आहाराचं काम संपतं

टाचेवर यंत्र ठेवून शिबिरात केलेली तपासणी निदान म्हणून धरू नका. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन कमरेचा आणि खुब्याचा करा. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत तुमची घनता किती खाली आहे तो आकडा, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान असेल तर हाडं विरळ होऊ लागली आहेत आणि धोका किती ते डॉक्टर बाकीच्या गोष्टी बघून ठरवतील. उणे २.५ किंवा त्याखाली असेल, किंवा साध्या पडण्याने मनगट, मणका, खुबा मोडला असेल, तर तो हाडांचा ठिसूळपणा आहे आणि त्याला औषध लागतं. उंची तीन-चार सेंटिमीटरने घटली असेल, पाठीला बाक येत असेल, तर न कळत मणका दबला असण्याची शक्यता आहे, एक्स-रे काढून घ्या. पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली असेल, काही आजारासाठी स्टेरॉइड घेत असाल किंवा आईचा खुबा मोडला असेल तर पासष्टीची वाट बघू नका, डेक्सा आधी करा.

औषध सुरू झालं तरी कॅल्शियम आणि डी चालूच राहतात, किंबहुना डीची कमतरता आधी भरावी लागते. अॅलेन्ड्रोनेट असेल तर ते सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायचं, अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, आणि कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणावर ढकलायची. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं आणि ते स्वतःहून बंद केलं तर मणके मोडण्याचा धोका एकदम वाढतो. म्हणून पुढची तारीख चुकणार असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा. पुढचा डेक्सा साधारण एक-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर, कारण दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.